हात खांद्याच्या वर जाईना: रोटेटर कफचे पहिले सहा आठवडे

आमच्या ग्रंथालयातल्या कपाटांची फेरमांडणी तीन दिवस चालली होती. वरच्या दोन फळ्यांवरचे जाडजूड संदर्भग्रंथ मीच उतरवले, पुसले आणि नव्या क्रमाने पुन्हा चढवले. माझं वय ५१, उंची बेताची, त्यामुळे वरच्या फळीला हात पोचवायचा तर तो पूर्ण ताणावा लागायचा. एरवी दिवसभरात उजवा हात दहा-पंधरा वेळा डोक्याच्या वर जात असेल, त्या तीन दिवसांत तो शेकडो वेळा गेला. चौथ्या दिवशी सकाळी केस विंचरायला हात उचलला आणि अर्ध्यावरच दंडात अशी कळ आली की कंगवा हातातून सुटला.

कळ खांद्याच्या टोकावर नव्हती. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, लहानपणी लस टोचतात त्या जागेच्या आसपास होती. त्यामुळे दंडाचा स्नायू भरून आलाय असं समजून मी तिथेच मलम चोळत राहिले. खांद्याच्या आतलं दुखणं दंडात जाणवतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. दुखण्याची आणखी एक खूण मात्र माझ्या लक्षात आली होती. हात बाजूने उचलला की सुरुवातीला काही नाही. खांद्याच्या रेषेच्या थोडं खाली आला की दुखायला लागे, खांद्याच्या रेषेत सगळ्यात जास्त, आणि दात-ओठ खाऊन त्याच्या पुढे नेला की वर पोचेपर्यंत दुखणं बरंच ओसरलेलं असे. खाली आणताना पुन्हा त्याच टप्प्यात कळ, आणि ती चढतानापेक्षाही तीव्र.

पहिले दहा दिवस मी दोन चुका आलटून पालटून केल्या. दिवसा हात अंगाशी धरून ठेवायचा, डाव्या हातानेच सगळं करायचं. संध्याकाळी वाटायचं, हा असाच राहिला तर आखडेल, म्हणून दाराच्या चौकटीला वर पकडून तो जोरात ताणायचा. रात्री त्या कुशीवर झोपता येईना. उताणी झोपले तरी पहाटे तीनच्या सुमारास ठणका जागं करायचा. शेवटी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले.

त्यांनी तपासणीला वेळ दिला, आणि त्यांनी काय काय पाहिलं ते सांगण्यासारखं आहे, कारण पुढे कोणता व्यायाम चालेल हे त्यावरच ठरलं. आधी मी स्वतः हात उचलला, तेव्हा तो मधल्या टप्प्यात अडखळला. मग मी हात सैल सोडला आणि त्यांनी तो उचलला, तर तो जवळजवळ पूर्ण वर गेला. नंतर कोपर अंगाला लावून, काटकोनात वाकवून, त्यांनी माझा पंजा बाहेरच्या बाजूला वळवला. तोही डाव्याइतकाच वळला. "हे महत्त्वाचं," ते म्हणाले, "खांदा गोठलेला असता तर तो मलाही असा वळवता आला नसता." याचा अर्थ फ्रोझन शोल्डर नव्हता. मग त्याच स्थितीत मला पंजा बाहेर ढकलायला सांगून त्यांनी विरोध केला. दुखलं, पण जोर लागला. बाजूला उचललेला हात हळूहळू खाली आणायला सांगितला. तो थरथरला, पण धपकन पडला नाही. मान सगळीकडे वळवून पाहिली, बोटांना मुंग्या येतात का विचारलं. नव्हत्या येत.

त्यांचं निदान होतं, रोटेटर कफचं, म्हणजे खांद्याच्या सांध्याला वेढणाऱ्या स्नायूंचं दुखणं. अचानक वाढलेल्या कामाने टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, चिडलाय. मी एमआरआयबद्दल विचारलं. ते म्हणाले की पन्नाशीनंतर ज्यांना काही दुखत नाही अशा माणसांच्याही खांद्यात अर्धवट फाटलेले टेंडन चित्रात दिसतात, त्यामुळे आता चित्र काढून उपचार बदलणार नाहीत. मात्र मी पडले असते आणि त्यानंतर हात उचलताच आला नसता, किंवा बाहेर ढकलताना जोरच लागला नसता, तर त्यांनी त्याच आठवड्यात सोनोग्राफी किंवा एमआरआय करायला लावलं असतं. पडल्यानंतर पूर्ण तुटलेल्या टेंडनला व्यायामाने वेळ घालवून चालत नाही. ताप, खांद्यावर लाली आणि सूज, बोटं बधिर होणं, किंवा खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाब आणि धाप, यातलं काहीही असेल तर व्यायामाचा विचारही न करता आधी डॉक्टर गाठा, असंही त्यांनी निक्षून सांगितलं.

वेदनाशामक गोळ्या पाच दिवसांच्या दिल्या. स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल म्हणाले, रात्रीची झोपच होत नसेल तर त्याने काही आठवडे आराम पडतो, पण दुखण्याची लांबची वाट त्याने बदलत नाही. मी थांबायचं ठरवलं आणि फिजिओथेरपिस्टकडे गेले.

त्या माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. मला ताई म्हणत. पहिल्या भेटीत त्यांनी व्यायाम दाखवण्याआधी माझी भीती काढून घेतली. माझ्या डोक्यात असं चित्र होतं की वरच्या हाडाखाली टेंडन घासतोय आणि मी हात उचलला की दर वेळी त्याचा एक धागा तुटतोय. हे चित्र माझ्या मनाचं नव्हतं. १९७२ साली चार्ल्स नीअर या अमेरिकी सर्जनने ही हाडाच्या घासण्याची कल्पना मांडली आणि पुढे कित्येक वर्षं ते हाड खालून तासून जागा मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया होत राहिल्या. मग २०१८ साली 'द लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधल्या ३०० हून अधिक रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींचं हाड खरंच तासलं, काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून पाहिलं आणि काहीच तासलं नाही. दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं. "म्हणजे घासणं हेच मूळ असतं तर असं झालं नसतं," बाई म्हणाल्या. "तुमचा टेंडन झिजून चाललेला नाही. त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त काम एकदम मिळालं. आता त्याला झेपेल तेवढं काम द्यायचं आणि ते वाढवत न्यायचं."

झेपेल तेवढं म्हणजे किती, हे कळायला मला दोन आठवडे आणि एक मोठी चूक लागली.

रोटेटर कफ म्हणजे फऱ्याच्या हाडापासून निघून दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याला बाहीच्या कफसारखे वेढणारे चार स्नायू. हात उचलताना ते त्या गोलाला खोबणीत मध्यभागी धरून ठेवतात. त्यातला वरचा, सुप्रास्पायनेटस, बहुतेक वेळा दुखतो. त्यावर ओझं किती येतं याचा हिशेब बाईंनी मला कागदावर करून दाखवला. माझं वजन ६० किलो, तर एक हात साधारण ३ किलोचा. हात आडवा सरळ धरला की त्याचं वजन सांध्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर आहे असं धरायचं. तीन गुणिले तीस, नव्वद. आता हातात १ किलोचं पुस्तक घेतलं, तर ते ६० सेंटिमीटरवर आहे. म्हणजे आणखी साठ. एक किलोच्या पुस्तकाने खांद्यावरचा भार दीडपटीहून जास्त होतो. आणि हे सगळं तोलणारे टेंडन सांध्याच्या मध्यापासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवर ओढतात, त्यामुळे त्यांना लावावा लागणारा जोर हाताच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. नुसता रिकामा हात आडवा धरणं हाच चिडलेल्या टेंडनसाठी भारी व्यायाम आहे.

याच हिशेबातून कोणता व्यायाम आधी आणि कोणता नंतर हे ठरतं. आधार दिला की भार कमी. कोपर वाकवला की हाताची लांबी कमी, म्हणून भार कमी. हात सरळ छताकडे गेला की वजन सांध्याच्या वर येतं, तिथेही भार कमी. भार सगळ्यात जास्त असतो तो हात आडवा असताना, आणि माझी कळही बरोबर तिथेच होती.

पहिल्या आठवड्यात तीनच गोष्टी होत्या. पहिली, टेबलावर हात सरकवणं. खुर्चीत बसायचं, टेबलावर पंचा, त्यावर पंजा. पंचा पुढे सरकवत कंबरेतून वाकत जायचं. हात पुढे जातोय असं दिसतं, पण खरं तर धड हातापासून मागे आणि खाली जातं, हाताचं वजन टेबलच पेलतं. दुखायला सुरुवात होते तिथे थांबून दोन श्वास, मग परत. दहा वेळा, दिवसातून दोनदा. दुसरी, लोंबता हात. डावा हात टेबलावर टेकून पुढे वाकायचं, उजवा सैल सोडायचा आणि धड झुलवायचं. त्या झोक्यात हात आपोआप हलतो. मी सुरुवातीला खांद्याच्या जोरानेच हात गोल फिरवत होते. बाईंनी तो थांबवला: "हात तुम्ही हलवताय, तो हलायला हवा." दोन मिनिटं पुरतात. वजन हातात धरून झुलवण्याची पद्धत काही जण सांगतात, पण पहिल्या आठवड्यात त्यांनी मला ते करू दिलं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात साधी दिसणारी, आणि मला सगळ्यात उपयोगी पडलेली. दाराच्या चौकटीशी उभं राहायचं. कोपर अंगाला, काटकोनात, कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये गुंडाळलेला टॉवेल. पंजाची मागची बाजू चौकटीला लावून बाहेर ढकलायचं. चौकट हलत नाही, त्यामुळे हातही हलत नाही, पण खांद्याच्या मागचे कफचे स्नायू काम करतात. जोर पूर्ण ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. वीस सेकंद धरायचं, श्वास चालू ठेवायचा, मग अर्धा मिनिट विश्रांती, असं पाच वेळा. हे केल्यावर तासभर तरी खांदा शांत व्हायचा. सगळ्यांना असं होतंच असं नाही, बाई म्हणाल्या, पण माझं झालं. टॉवेलचं काम काय हे मी विचारलं. कोपर अंगाला अगदी चिकटलेला असण्यापेक्षा थोडा दूर असला की वरच्या टेंडनवरचा ताण कमी होतो, आणि टॉवेल पडला की कळतं आपण कोपर उचलतोय.

झोपेसाठीही एक गोष्ट सांगितली, ती व्यायामाइतकीच महत्त्वाची ठरली. उताणं झोपताना उजव्या कोपराखाली घडी केलेली चादर, म्हणजे दंड मागे लोंबकळत नाही. डाव्या कुशीवर झोपताना छातीशी एक उशी, तिच्यावर उजवा हात. चौथ्या रात्री मी पहाटे पाचपर्यंत सलग झोपले.

मोजण्यासाठी बाईंनी एक साधी युक्ती दिली. रोज सकाळी व्यायामाआधी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं भिंतीवर चालवत वर न्यायची. दुखायला सुरुवात होते तिथे पेन्सिलने रेघ. पहिल्या सकाळी जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर रेघ पडली, माझ्या खांद्याच्या किंचित खाली. डावा हात १८७ वर पोचत होता. दुखण्याचा नियम असा: व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत ते पूर्वीच्या पातळीवर यायला हवं. रात्री ठणका वाढला किंवा सकाळची रेघ खाली आली तर आदल्या दिवशीचं काम जास्त झालं. तेव्हा व्यायाम बंद करायचा नाही, निम्मा करायचा.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी रेघ १३८ वर होती. आणि तिथे मी चुकले.

कार्यालयातल्या एका मैत्रिणीने तिच्या व्यायामशाळेत शिकलेला व्यायाम दाखवला. दोन्ही हातात पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या, अंगठे जमिनीकडे, जणू पाणी ओततोय, आणि हात सरळ बाजूने खांद्यापर्यंत उचलायचे. तिने मनापासून, मला बरं वाटावं म्हणूनच सांगितलं. तिच्या खांद्याला त्याने फायदाही झाला असेल. मी पंधराचे तीन फेरे केले. करताना दुखणं दोन, फार तर तीन. मला वाटलं, नियमात बसतंय. रात्री दोनला जाग आली ती ठणक्याने. सकाळी रेघ ११६ वर, म्हणजे सुरुवातीच्याही खाली.

बाईंना फोन केला तेव्हा वाटलं रागावतील. त्यांनी शांतपणे हिशेबच पुढे ठेवला. हात सरळ, म्हणजे लांबी पूर्ण. अर्धा किलो सगळ्यात टोकाला. उंची नेमकी तीच, जिथे भार सर्वात जास्त. अंगठा खाली, म्हणजे दंडाचं हाड आत वळलेलं, ज्यात दुखऱ्या खांद्याला वर जायला आणखी त्रास होतो. आणि पंचेचाळीस वेळा. "यातली एखादी गोष्ट चालली असती, सगळ्या एकदम नाही," त्या म्हणाल्या. करताना कमी दुखलं हे खरं, पण टेंडन त्याची तक्रार पुष्कळदा उशिरा करतो, म्हणून सकाळची रेघ. हे मला आधीही सांगितलेलं होतं. कानावर पडलं होतं, पण कळलं त्या रात्री.

त्यांनी बंद करायच्या गोष्टी तेव्हा नीट सांगितल्या. अंगठा खाली ठेवून बाजूने उचलणं, डोक्यावर वजन ढकलणं, वजन हनुवटीपर्यंत ओढणं, ज्यात कोपर खांद्याच्या वर जातो, मानेच्या मागे दांडा ओढणं, दोन बाकांवर हात टेकून शरीर खाली सोडणं, आणि दाराच्या चौकटीला लटकून किंवा हात पाठीमागे नेऊन दुसऱ्या हाताने ओढून ताणणं. शेवटचं ऐकून मला माझ्या संध्याकाळच्या ताणण्या आठवल्या. माझा खांदा आखडलेला नव्हताच, मग त्याला जोराने ताणण्यात काय मिळणार होतं? हे व्यायाम कायमचे वाईट आहेत असं त्या म्हणाल्या नाहीत. पहिल्या सहा आठवड्यांत, चिडलेल्या खांद्याला, नको.

त्यानंतर दोन दिवस फक्त टेबल आणि चौकट, तेही निम्मं. चौथ्या सकाळी रेघ १३६ वर परतली. चार दिवसांत परत आली याचा अर्थ काही तुटलं नव्हतं, फक्त चिडलं होतं. दुखणं वाढलं की नवं नुकसानच झालं असणार, ही माझी धास्ती त्या चार दिवसांनी गेली.

तिसऱ्या आठवड्यात झोपून काठीचा व्यायाम आला. उताणं झोपायचं, काठी दोन्ही हातांत, डाव्या हाताच्या जोरावर उजवा छताकडे आणि मग डोक्याकडे न्यायचा. यात मदत कुठे लागते हे समजून घेण्यासारखं आहे. झोपलेल्या माणसाचा हात अंगाशेजारून निघताना आडवाच असतो, तिथे तो सर्वात जड. छताकडे सरळ झाला की जवळजवळ वजनरहित. त्यापुढे त्याचं वजनच त्याला डोक्याकडे नेतं. म्हणून पहिल्या अर्ध्या वाटेत डाव्या हाताने उचलायचं, आणि पुढच्या अर्ध्यात डाव्या हाताने त्याला सावकाश सोडायचं. मी आधी उलट करत होते, वर पोचल्यावर ढकलत होते. कोपर किंचित वाकवून सुरुवात केली तर पहिला टप्पाही सोपा झाला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच माझा हात डोक्याच्या मागच्या उशीला न दुखता टेकला.

चौथ्या आठवड्यात हलणारा जोर. डाव्या कुशीवर झोपून, उजव्या कोपराखाली तोच टॉवेल, कोपर काटकोनात, आणि पंजा पोटापासून छताकडे फिरवायचा. पहिले तीन दिवस रिकाम्या हाताने, मग अर्धी भरलेली छोटी बाटली. दहाचे दोन फेरे, वर न्यायला दोन सेकंद आणि खाली आणायला तीन. एक दिवस आड, कारण टेंडनला सावरायला तो मधला दिवस लागतो. टेबलावरची सरकवणी आणि काठी मात्र रोज, ती भार देणारी नव्हे तर हालचाल राखणारी. जोराचा व्यायाम आणि हालचालीचा व्यायाम हे वेगळे, त्यांचं वेळापत्रकही वेगळं, हा फरक मला आधी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. मी सुरुवातीला सगळंच रोज आणि जितकं जास्त तितकं बरं, असं करू पाहत होते.

चौथा आठवडा संपताना रेघ १५८.

पाचव्यात भिंतीवर सरकवणं. दोन्ही हातांच्या करंगळीच्या कडा भिंतीला, मध्ये पंचा, आणि हात वर सरकवताना एक पाय पुढे टाकून अंग भिंतीकडे झुकवायचं. भिंत थोडंसं वजन घेते, टेबलाइतकं नाही. मग भिंतीचा आधार सोडून हात उचलणं, पण तो थेट बाजूने नाही आणि थेट समोरही नाही, दोन्हींच्या मध्ये, अंगठा वर. फऱ्याचं हाड पाठीवर जरा पुढच्या बाजूला वळून बसलेलं असतं, त्यामुळे हात त्याच दिशेने उचलला की सांध्याला सोपं जातं. कोपर वाकवून सुरुवात, वर गेल्यावर सरळ. आरशासमोर करताना मला दिसलं की उजवा खांदा कानाकडे उचलला जातोय. म्हणजे कफ दमला की मानेकडचा स्नायू काम उचलतो. तसं दिसलं की तो फेरा तिथेच संपवायचा, मग दहा झालेले असोत की सहा. मला पहिल्या दिवशी सहाच जमले.

कामावर मी रजा घेतली नाही, पण काम बदललं. नेहमी लागणारी पुस्तकं छातीच्या उंचीच्या फळ्यांवर आणली. वरच्या फळीसाठी पायरीचं स्टूल. त्यावर उभं राहिलं की वरची फळी तोंडासमोर येते, दोन्ही कोपर अंगाजवळ राहतात, आणि तेच पुस्तक उचलताना भार कितीतरी कमी होतो. पूर्वीही स्टूल तिथेच होतं. तीन दिवसांच्या घाईत ते दर वेळी सरकवायचा मला कंटाळा आला होता.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी रेघ १७६ वर आली. दंड उचलताना मधल्या टप्प्यात अजून बारीकशी टोचणी असते, दहापैकी एक. रात्री मात्र जाग येत नाही, उजव्या कुशीवर तासभर झोपता येतं. बाईंनी आणखी सहा आठवड्यांचं वेळापत्रक दिलंय. रबरी पट्ट्याने पंजा बाहेर ओढणं, पट्टा दर दोन आठवड्यांनी एक पायरी जाड. भिंतीला हात टेकून पुश-अप्स. आणि कोपर वाकवून खांद्याच्या वर वजन नेणं, अर्ध्या किलोपासून. बारा आठवड्यांनंतरही रेघ अडकून राहिली किंवा जोर वाढला नाही, तर डॉक्टरांकडे परत जाऊन सोनोग्राफी करायची, असं आधीच ठरलंय.

परवा एक वाचक वरच्या फळीवरचा शब्दकोश मागायला आले. स्टूल ओढलं, चढले, दोन्ही हातांनी तो छातीशी घेतला आणि उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्सिल घेऊन भिंतीपाशी गेले. रेघ १७६ लाच होती.